आलं आधी पाण्यात

सोलापूर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझी कथा परवा रात्री वाचली, काल सकाळी पुन्हा वाचली. दहा वर्षांचा मुलगा, रातपाळी करून आलेले वडील, आई विड्या द्यायला कारखान्यात गेलेली, आणि मुलगा आयुष्यातला पहिला चहा करतो. वडील दारात चप्पल काढतात तेव्हा त्यांच्या भुवयांवर सुताचा बारीक कापूस बसलेला असतो, असं तू लिहिलंयस. घरात यंत्रमागावर जाणारं माणूस असल्याशिवाय हे वाक्य सुचत नाही. त्याला हात लावू नकोस.

मला बोलायचंय ते चहाविषयी. पाच पानांच्या कथेत चहा तू तीन ओळींत उरकलास. पाणी ठेवलं, साखर-पावडर टाकली, दूध ओतलं, चहा झाला. उरलेल्या पानांवर वडिलांचे कष्ट, आईची ओढाताण आणि मुलाच्या मनातली माया आहे. अगं, ती माया दिसणार कुठे, तर त्या पातेल्याजवळच. पातेलं शेगडीवर चढतं तिथपासून कप वडिलांच्या हातात पडतो तिथपर्यंतची दहा-बारा मिनिटं, एवढीच ही कथा आहे. ती मिनिटं तू वाचकाला मोजून दिलीस तर ‘त्याला बाबांची फार दया आली’ हे वाक्य तुझं तुलाच नकोसं होईल.

आधी ते मीठ काढून टाक. मुलगा साखरेऐवजी मीठ घालतो आणि वडील डोळ्यांत पाणी आणून खारट चहा हसत पितात, हा प्रसंग मी दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांमध्ये इतक्यांदा वाचलाय की ‘डबा’ हा शब्द दिसला तरी पुढचं कळतं. पण खरी अडचण त्याच्या पुढची आहे. दहा वर्षांच्या पोराला साखर आणि मीठ ओळखू येतं. तो चोरून साखर खाणारा पोरगा आहे, डबा त्याला अंधारातही सापडेल. मीठ घालायला लावून तू त्याला बावळट केलंस, आणि ते मुकाट्यानं पिणाऱ्या वडिलांना संत केलंस. दोघंही माणसं राहिली नाहीत.

चूक हवीच, पण ती त्याच्या वयाची हवी. त्याला काय माहीत असेल याचा विचार कर. आईला चहा करताना त्यानं शेकडो वेळा पाहिलंय, पण दारातून किंवा अभ्यास करता करता. त्यामुळे चहात काय काय पडतं हे त्याला तोंडपाठ आहे: पाणी, दूध, साखर, पावडर, आणि बाबांच्या चहात आलं. कशानंतर काय पडतं, हे मात्र त्यानं कधी नीट पाहिलेलं नाही. त्याची चूक इथे होणार. तो सगळं एकदम घालणार.

आता तुझ्या कथेत जे आपोआप घडू शकतं ते सांगतो. कच्चं ठेचलेलं आलं थेट दुधाच्या चहात पडलं तर चहा फाटतो. आल्यात एक एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध गोठायला लागतं. साधारण साठ ते सत्तर अंश तापमानाला त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो, आणि पाणी खळखळून उकळलं की ते निकामी होतं. म्हणून आपल्या घरातल्या बायका आलं आधी पाण्यात उकळतात आणि दूध नंतर घालतात. त्यांना कुणी एन्झाइम शिकवलेलं नसतं, एकदा फाटलेला चहा त्यांनी पाहिलेला असतो.

तू म्हणशील, आमच्याकडे तर सगळं एकदम टाकतात आणि कधी फाटत नाही. खरं आहे. आच मोठी असली तर चहा त्या साठ-सत्तरच्या टप्प्यातून झरकन पुढे जातो आणि निभावून जातं. जुनं, सुकलेलं आलं असेल तरी जोर कमी पडतो. पण तुझा मुलगा पहिल्यांदा गॅस पेटवतोय. तो ज्योत बारीक ठेवणार, कारण त्याला भीती वाटते. बारीक आचेवर पातेलं त्या नेमक्या टप्प्यात बराच वेळ रेंगाळणार. म्हणजे त्याचा चहा फाटतो तो भीतीमुळे. हे कथेत कुणी बोलून दाखवायचं नाही. तू फक्त पहिल्यांदा लिही की ज्योत त्यानं अगदी बारीक केली, निळी, नखाएवढी. पुढचं पातेलं सांगेल.

मी काल मुद्दाम करून पाहिलं. अर्धा कप पाणी, अर्धा कप दूध, दोन चमचे साखर, एक चमचा पावडर, आणि बोटाच्या पेराएवढं ताजं आलं वाटीच्या बुडानं ठेचून, सगळं एकदम. गॅस अगदी मंद. थोडा वेळ काही दिसलं नाही, रंग चांगला येत होता. मग कडेला, पातेल्याच्या भिंतीला लागून, रव्यासारखे कण दिसायला लागले. चमचा फिरवला तर चमच्याच्या पाठीला ते चिकटून आले. उकळी फुटली तेव्हा मधोमध तपकिरी पाणी आणि त्यावर पांढरट चोथा, असे दोन वेगळे जीव झाले होते. वास मात्र छान होता, आल्याचा, अगदी घरच्या चहासारखा. ही गोष्ट लिहून ठेव. दूध मुळात नासलेलं असेल तर गोळे मोठे होतात आणि आंबूस वास येतो. इथे वास चांगला आहे आणि चहा बिघडलाय, म्हणून मुलाला आपलं काय चुकलं ते कळतच नाही. वाचकालाही दुधावर संशय जाऊ नये, यासाठी आई निघण्याआधी दूध तापवून गेली होती किंवा पिशवी सकाळीच आली होती, हे आधी कुठेतरी सहज येऊ दे. सोलापूरच्या उन्हाळ्यात, फ्रिज नसलेल्या घरात, दूध म्हटलं की वाचक आधी नासण्याचाच विचार करतो.

आता त्याला ओट्यापाशी उभा कर. तू त्याच्या डोळ्यांनी लिहायचं म्हणतेस, पण पातेल्यात वरून पाहतेस, मोठ्या माणसासारखं. माप घे. दहा वर्षांचा मुलगा साडेचार फुटांच्या आसपास. ओटा पावणेतीन फूट, त्यावर शेगडी, त्यावर पातेलं, म्हणजे पातेल्याची कड साडेतीन फुटांवर गेली. त्याच्या हनुवटीच्या जरा खाली. जवळ उभा राहिला तर वाफ थेट तोंडावर. म्हणून तो एक पाऊल मागे सरकतो, आणि मागे सरकला की त्याला पातेल्याची पलीकडची आतली भिंत तेवढी दिसते. चहा दिसत नाही. मग त्याला काय उरलं? कान. पाणी तापायला लागलं की बारीक सूं असा आवाज करतं, तो वाढत जातो, आणि खरी उकळी यायच्या जरा आधी मऊ होतो. तो त्या आवाजावर चहा करतो.

आणि तुझ्या घरातल्या वडिलांच्या कानाचं काय, ते तुला माहीत आहे. बारा तास मागाच्या खडखडाटात उभं राहणारी माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात, आणि घरी आली तरी मोठ्यानं बोलतात. तुझ्या पहिल्या पानावर वडील ‘ओरडून’ पाणी मागतात आणि मुलगा दचकतो. दचकायला नको. त्याच्यासाठी तो बाबांचा रोजचा आवाज आहे. दचकला तर पाहुणा दचकेल. उलट असं कर: हा मुलगा कान देऊन चहा ऐकतोय, आणि पलीकडे भिंतीला टेकलेल्या बाबांना त्यातलं काहीच ऐकू येत नाही. लायटरची टकटक नाही, झाकण पडलेलं नाही. तो स्वयंपाकघरात काय करतोय हे त्यांना कळायला फक्त वास आहे. आल्याचा वास. म्हणूनच तो वास चांगला असणं कथेला हवं होतं.

गॅस पेटवायचा प्रसंग तू गाळलास. तो घाल, कारण पहिल्या चहातला सगळ्यात मोठा टप्पा तोच असतो. बटण फिरवलं, लायटर चार वेळा टकटक केला, ज्योत नाही. आवाजही नाही, वासही नाही. मग त्याला आठवतं की आई बाहेर जाताना खालचं रेग्युलेटर बंद करून जाते. तो बटण पुन्हा बंद करतो, खाली वाकतो, टाकीवरचं रेग्युलेटर फिरवतो, आणि मगच वर येतो. ‘बटण पुन्हा बंद करतो’ हे चार शब्द गाळू नकोस. ते गाळलेस तर जाणती वाचक बाई तिथेच पुस्तक खाली ठेवेल, कारण तिला पुढे काय होऊ शकतं ते दिसेल आणि ती चहा विसरून जाईल. हे चार शब्द लिहिलेस की तिला दुसरंच काही कळेल: या घरात पोराला चहा करायला शिकवलेलं नाही, पण गॅसला भ्यायला नीट शिकवलंय.

पहिला चहा फाटला. आता काय? तुझा मुलगा रडला असता, असं मला तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. रडू दे, पण अर्ध्या वाक्यात, आणि हात थांबवू नकोस. मागावर धागा तुटला की माग थांबवायचा, टोक शोधायचं, गाठ मारायची आणि पुन्हा सुरू करायचा, हे त्यानं बापाबरोबर कारखान्यात गेल्यावर पाहिलं असेल. (हे मी तुला सांगतोय, कथेत मागाची उपमा आणू नकोस. सोलापूरच्या प्रत्येक कथेत ताणाबाणा येतो आणि तो आला की माणसं दिसेनाशी होतात.) तो फाटलेला चहा मोरीत ठेवतो. ओतून देत नाही. ओतायचा धीर होत नाही, कारण त्यात घरातलं सगळं दूध आहे.

दुसरं छोटं पातेलं, एक कप पाणी. दूध सरलंय. आलं उरलेलं आहे, ते ठेचतो. साखर. पावडर. तोच मुलगा, तेच हात, तीच भीती. पण या वेळी दूधच नसल्यामुळे आलं आपोआप पाण्यात पडलं आणि पाण्यात उकळलं. काही फाटलं नाही. त्याला का ते कळत नाही. त्याला एवढंच वाटतं की आता जमलं, पण हा बाबांचा चहा नाही, हा तर कोरा चहा आहे, आजीला ताप आला की देतात तसला. अर्धं यश आणि अर्धी हार एकाच कपात. मला तुझ्या कथेत ही जागा सगळ्यात मोलाची वाटते आणि ती तुला आयती मिळते, दूध संपल्यामुळे.

अजून एक बारीक गोष्ट. तो कपानं मोजून एक कप पाणी घेतो, पण उकळून उकळून आणि गाळणीतल्या चोथ्यात मुरून कप पाऊणच भरतो. मोठी माणसं हे धरून पाणी जास्त घालतात, त्याला ते ठाऊक नाही. शिवाय गाळताना सांडशी त्याला दोन्ही हातांनी धरावी लागते, म्हणून गाळणी धरायला हात उरत नाही, ती कपावर नुसती टेकवलेली असते आणि धार पडली की कलते. थोडा चहा बशीत सांडतो. तो कप उचलून बशीतला चहा परत कपात ओततो. हे तू लिहिलंस तर मुलगा किती मनापासून करतोय हे वेगळं सांगायला लागणार नाही.

आता वडील. तुझ्या शेवटच्या पानावर ते मुलाला कुशीत घेतात आणि म्हणतात, ‘आज जगातला सर्वांत गोड चहा प्यायलो.’ बाळ, बारा तास उभं राहून आलेला माणूस असं बोलतो का? त्याचे पाय ठणकत असतात, डोळे मिटत असतात. त्याच्याजवळ शब्द फार थोडे शिल्लक आहेत, ते जपून खर्च कर. मी असं काहीसं करून पाहिलं, नमुना म्हणून देतो, उचलू नकोस:

“काय करलालास रे आत?” आप्पा मोठ्यानं म्हणाले.
तो कप घेऊन बाहेर आला. दोन्ही हातांनी बशी धरलेली.
आप्पांनी कपात पाहिलं. “दूध?”
“सरलं.”
आप्पा काही बोलले नाहीत. तोंड धुवायला म्हणून मोरीकडे गेले. तिथं पातेलं होतं. ते पातेल्याकडे बघत उभे राहिले. मग तोंडावर पाणी मारलं, भुवयांवरचा कापूस बोटानं काढला आणि परत येऊन भिंतीला टेकून बसले. चहा बशीत ओतला. एक घोट घेतला.
“आलं आदी पाण्यात उकळायचं,” ते म्हणाले. “दूध मागनं.”
मग कपात उरलेला चहा त्यांनी त्याच्याकडे सरकवला.

तो शेवटचा कप सरकवणं मला हवं होतं, कारण तू दुसऱ्या पानावर लिहिलंयस की या घरात लहान पोरांना चहा देत नाहीत. ते वाक्य तू सहज लिहून गेलीस, पण ते बी आहे. त्याचं झाड शेवटी यायला हवं. आणि ‘आलं आदी पाण्यात’ हे वडिलांना ठाऊक आहे, म्हणजे कधीतरी त्यांनीही चहा फाडलाय. ते कथेत लिहायचं नाही. तुला ठाऊक असलं म्हणजे पुरे, त्यामुळे ते वाक्य त्यांच्या तोंडी रागाचं होणार नाही.

बोलीचं म्हणशील तर निवेदन तुझं आहे तसं प्रमाण भाषेत राहू दे, बोलणं तेवढं आपलं सोलापुरी ठेव. मात्र प्रत्येक वाक्यात ‘बे’ घालू नकोस. बाप आपल्या पोराशी, तेही रातपाळीहून आल्यावर, ‘बे’ म्हणेल की नाही हे तू तुझ्या घरात ऐक आणि मग ठरव.

आणखी एक दुरुस्ती. तिसऱ्या पानावर गिरणीचा भोंगा वाजतो आणि चौथ्या पानावर मुलगा लायटरनं गॅस पेटवतो. सोलापूरच्या मोठ्या कापड गिरण्या बंद पडल्या, भोंगे त्यांच्याबरोबर गेले. तुझे वडील यंत्रमागावर चादरी विणतात, तिथे पाळी बदलल्याचं पोराला भोंग्यानं कळत नाही, गल्लीतून घरी परतणाऱ्या सायकली आणि मोटारसायकलींवरून कळतं. भोंगा हवाच असेल तर कथा तुझ्या आजोबांच्या काळात ने, आणि मग गॅस काढून स्टोव्ह आण. स्टोव्हला पंप मारायचा, पिन मारायची, स्पिरिट ओतून तापवायचा, म्हणजे सगळी दहा-बारा मिनिटं पुन्हा नव्यानं मांडावी लागतील. माझं मत विचारशील तर आजचीच ठेव. रेग्युलेटर मला सोडवत नाही.

आईचा प्रश्न उरतो. ती विड्या मोजून देऊन, उद्याचं पान-तंबाखू घेऊन अकराच्या सुमारास परत येईल. तोवर बाबा झोपलेले असतील, मुलगा शाळेत. मोरीत ते पातेलं असेल, कडेला वाळलेले पांढरे कण. तिला एका नजरेत सगळं कळेल, कुणी काही न सांगता. तो प्रसंग लिहायचा की कप सरकवला तिथेच थांबायचं, यावर मी दोन दिवस विचार करतोय. मी थांबलो असतो. पण तू विडी कामगाराच्या घरातली आहेस, रिकाम्या घरात शिरल्यावर ती बाई आधी कुठे पाहील हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दोन्ही लिहून पाहा, आणि पाठवण्याआधी एकदा स्वतः तो चहा फाडून बघ. आलं ताजं घे, आणि गॅस मंद ठेव.

तुझा,
सर